माळीकाम रोज, पण गुलाब कुठे?

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये बागेचं कंत्राट बहुतेक वेळा महिन्याच्या रकमेवर ठरतं. माळी आठवड्यातून किती दिवस येणार, पाणी, झाडलोट, हिरवळ कापणं, एवढं कागदावर येतं. बागेचं काम मात्र बाराही महिने सारखं नसतं, आणि हे सगळ्यात आधी कळतं गुलाबाच्या वाफ्यावरून.

वीस गुलाबांचा वाफा डोळ्यांसमोर आणा. माळी नियमित येतो, पाणी घालतो, तण काढतो. तरीही हिवाळ्यात उंच, काटकुळ्या फांद्यांच्या टोकाला दोन-चार फुलं, बाकी नुसतं पान. कारण पावसाळ्यानंतरची छाटणी राहून गेली. पाऊस थांबला की साधारण ऑक्टोबरच्या मध्याला ती करायची असते. आधी चार-पाच दिवस पाणी तोडायचं. मग वाळकी, किडकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी मुळातूनच काढायची. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन-चार निरोगी फांद्या ठेवून त्या गुडघ्याइतक्या उंचीवर कापायच्या. काप तिरका हवा, आणि झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर.

हे काम धारदार सिकेटरचंच. कुंपणाची मोठी कात्री फिरवली तर फांदी चिरडते आणि टोकापासून खाली काळी पडत जाते. छाटणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी फिरून पाहिलं, की कोणती कात्री वापरली ते झाडच सांगतं. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची, आळं खणून झाडाला घमेलंभर कुजलेलं शेणखत द्यायचं आणि पाणी सुरू करायचं. त्यानंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

आणखी एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. विकतचा गुलाब बहुधा जंगली खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. त्या जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला, तर झाड छान वाढतंय असं वाटतं. खरं तर तो खुंटाचा असतो आणि वरच्या गुलाबाचं पोषण ओढून घेतो. जमिनीलगत माती सारून तो मुळापासून काढावा लागतो.

म्हणून कंत्राटात दिवसांच्या शेजारी हंगामाची कामंही लिहून घ्यावीत: जूनआधी पाण्याचा निचरा तपासणं, ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, हिवाळ्यात मोगऱ्याचं पाणी तोडून छाटणी, उन्हाळ्यात सकाळचं पाणी. खत आणि औषध कुणाच्या खर्चाने, सिकेटर व फवारणी पंप कुणाचा, हेही त्याच कागदावर हवं. मोठ्या झाडांचा मुद्दा वेगळा आहे. शहरी भागातल्या वृक्षांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे, त्यामुळे झाड तोडायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी सोसायटीने आधी घ्यावी. माळ्याला कुऱ्हाड घेऊन वर चढवणं त्याच्या जिवालाही धोक्याचं आहे.

बंगल्याच्या बागेत झाडं कमी असतात, म्हणून मालक छाटणीच्या दिवशी स्वतः वाफ्याशी उभा राहू शकतो. सोसायटीत त्या सकाळी समितीतल्या एकाने हजर राहावं आणि पहिली दोन झाडं माळ्याबरोबर पाहून घ्यावीत.