आवाज किती बदलला म्हणजे माणूस लपतो?

समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करणारा एक माणूस बोलायला तयार झाला आहे. उसाच्या गाडीमागे काटा कसा मारला जातो, ते तो सांगणार आहे. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, आवाज बदलायचा, या त्याच्या अटी. पहिल्या दोन अटी पाळणं सोपं आहे. तिसरी अवघड, कारण त्याचा आवाज तालुक्यातले शेकडो ट्रॅक्टरवाले हंगामभर ऐकत असतात.

बातम्यांमध्ये अशा माणसाचा आवाज बहुधा खोल, घोगरा करून ऐकवतात. त्यामागची क्रिया फार साधी असते. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाज निवडायचा, Change Pitch उघडायचं आणि समजा पेटीवरच्या चार स्वरांइतका (काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून) तो खाली आणायचा. आवाजातली प्रत्येक कंपनसंख्या यात ०.७९४ ने गुणली जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा माणूस ओळखूच येणार नाही. पण तीच फाइल कुणी चार स्वर वर नेली, तर मूळ आवाज जवळजवळ जसाच्या तसा हाती येतो. चार स्वर की पाच, हे माहीत नसलं तरी फार अडत नाही. एकेक आकडा बदलून ऐकत जायचं आणि जिथे माणूस नैसर्गिक बोलतोय असं वाटेल तिथे थांबायचं. अर्ध्या तासाचंही काम नाही.

कधी कधी तर अंदाजही बांधावा लागत नाही. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि पंखा किंवा चार्जर चालू असला की तिची बारीक गुणगुण मुलाखतीत उतरते. आवाज चार स्वर खाली आणला की ही गुणगुणही ३९.७ हर्ट्झवर येते. ती पन्नासला असायला हवी हे जगजाहीर असल्यामुळे आवाज नेमका किती सरकवला, याचं उत्तर त्या फाइलमध्येच मिळतं. मागे वाजलेली मोबाइलची ओळखीची रिंगटोन किंवा रेल्वे स्टेशनवरची घोषणाही हीच चुगली करते. म्हणून आवाज बदलण्याआधी खोली नि:शब्द करावी लागते. ते जमलं नसेल, तर गुणगुण आधी काढून टाकावी लागते.

यापुढचं समजायला आवाज कसा तयार होतो ते पाहायला हवं. घशातल्या स्वरतंतूंच्या कंपनातून सूर निघतो. पुरुषांच्या बोलण्यात तो साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, बायकांच्या बोलण्यात १६५ ते २५५ च्या. हा सूर घसा, तोंड आणि ओठ यांच्या पोकळीतून बाहेर पडतो. ती पोकळी काही कंपनसंख्या उचलून धरते आणि बाकीच्या दाबते. या उचलून धरलेल्या जागांना फॉर्मंट म्हणतात. सनईत पत्तीतून सूर निघतो आणि नळी त्याला रंग देते, तसंच हे आहे. ‘आ’ म्हणताना पुरुषाचे पहिले दोन फॉर्मंट साधारण ७०० आणि ११५० हर्ट्झवर असतात. ‘ई’ म्हणताना पहिला तीनशेच्या आसपास उतरतो आणि दुसरा दोन हजारांच्या वर जातो. आपण स्वर ओळखतो तो या जागांवरून. शिवाय प्रत्येकाच्या तोंडाची लांबी आणि घडण वेगळी असल्यामुळे माणूसही बऱ्याच अंशी यांवरूनच ओळखतो.

त्यामुळे नुसती पट्टी बदलून फॉर्मंट जागच्या जागी ठेवले, तर परका माणूस फसेल, घरचा फसणार नाही. सर्दीने आवाज बसला तरी आपण भावाला फोनवर ओळखतोच. उलट दोन्ही एकाच आकड्याने सरकवले, तर एका आकड्याने परतही आणता येतात. म्हणून पट्टी आणि फॉर्मंट वेगवेगळ्या प्रमाणात हलवायचे असतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या प्राट या मोफत प्रोग्रॅममध्ये हे एका ओळीत होतं:

```
Change gender: 75, 300, 1.12, 150, 0.6, 1.0
```

पहिले दोन आकडे प्रोग्रॅमला सूर कुठल्या हद्दीत शोधायचा ते सांगतात. 1.12 म्हणजे फॉर्मंट बारा टक्के वर. आपल्या काटेवाल्याचा ‘आ’ ७०० आणि ११५० वरून ७८४ आणि १२८८ वर जाईल, जणू त्याच्या तोंडाची पोकळी थोडी आखूड झाली. त्याचा सूर मुळात १२० हर्ट्झच्या आसपास आहे, तो 150 वर नेला. 0.6 हा आकडा बोलण्यातला चढउतार आवळतो. शेवटच्या 1.0 ने बोलण्याची गती तशीच राहते. मुळात तो बोलताना १०० ते १६० हर्ट्झमध्ये फिरत असेल, तर आता १३५ ते १८० मध्ये फिरेल. परिणामी खलनायकी घोगरेपणाऐवजी एक साधा, जरा तरुण, जरा सपाट आवाज ऐकू येतो. मला हा मार्ग कधीही बरा वाटतो. घोगरा आवाज ऐकणाऱ्याच्या मनात बोलणाऱ्याबद्दल विनाकारण संशय पेरतो आणि त्यात शब्दही नीट कळत नाहीत.

कळण्याची मर्यादा लवकर येते. सगळे फॉर्मंट एकाच प्रमाणात हलले तर स्वर बऱ्यापैकी ओळखू येतात, कारण लहान मुलाचं आणि धिप्पाड पुरुषाचं बोलणं आपले कान असंच जुळवून घेतात. बदल फारच मोठा झाला की मात्र कान हार मानतात. खरी पडझड व्यंजनांची होते. ‘त’ आणि ‘ठ’ यांतला फरक सेकंदाच्या काही शतांश भागांत उमटून जातो आणि आवाज तुकड्या-तुकड्याने उचलून पुन्हा जोडताना तोच पुसट होतो. आपल्या प्रकरणात हे जीवघेणं आहे. गाडीमागे ‘सात किलो’ की ‘साठ किलो’, यावरच बातमी उभी आहे. वाक्याच्या शेवटी माणूस दम संपत आल्यावर खरखरीत बोलतो, तिथे प्रोग्रॅमचा सुराचा अंदाज चुकतो आणि मध्येच एखादी किंकाळीसारखी उडी ऐकू येते. माइक लांब असेल तर हे वारंवार होतं. त्यामुळे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा.

तपासायची रीत सोपी आहे. मूळ मुलाखत न ऐकलेल्या सहकाऱ्याला बदललेली फाइल द्यायची आणि ऐकेल तसं लिहून काढायला सांगायचं. आकडे आणि नकार (‘दिले’ की ‘नाही दिले’) चुकले असतील तर बदल कमी करायचा किंवा खाली मजकूर द्यायचा. ओळख पटते का, हे मात्र त्या माणसाच्या ओळखीच्यांना ऐकवून तपासता येत नाही. ते केलं तर तोच उघडा पडेल. त्याऐवजी तसाच आवाज असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला त्याच आकड्यांनी बदलून त्याच्या मित्रांना ऐकवावं.

आता मर्यादेचा गाभा. दोन वेगवेगळे आकडे वापरले तरी माहिती फक्त हललेली असते, नष्ट झालेली नसते. पट्टीचे दहा-बारा आणि फॉर्मंटचे दहा-बारा पर्याय धरले, तर संगणकाला शंभर-दीडशे जोड्या तपासायला कितीसा वेळ लागणार? आवाजाची ओळख लपवण्याच्या पद्धती पारखण्यासाठी संशोधकांनी २०२० पासून व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज नावाचा उपक्रम सुरू केला. फॉर्मंट सरकवण्याची एक पद्धतही त्यात तुलनेसाठी ठेवलेली होती. मूळ आवाजांवर शिकलेली ओळखप्रणाली बदललेल्या आवाजांपुढे चांगलीच गोंधळते. पण त्याच पद्धतीने बदललेले आवाज देऊन प्रणालीला नव्याने शिकवलं, तर संरक्षण झपाट्याने घसरतं. म्हणजे शोधणाऱ्याकडे संशयित दहा जणांचे जुने आवाज असतील आणि आपली पद्धत त्याला माहीत असेल, तर वर दिलेल्या ओळीच्या भरवशावर कुणी राहू नये. कारखान्याकडे कामगारांच्या सभेची चित्रफीत असतेच.

माहिती खरोखर पुसायचीही एक सोय त्याच ओळीत आहे. 0.6 च्या जागी शून्य घातलं की बोलण्यातला चढउतार संपतो आणि तो त्या फाइलमधून कुणालाच परत आणता येत नाही. पण मग माणूस एकसुरी यंत्रासारखा बोलतो, आणि मराठीत ‘पैसे दिले?’ आणि ‘पैसे दिले.’ यांतला फरक त्या चढउतारातच असतो. जितकं पुसावं तितकं कळणं कमी होतं, हा हिशेब कुठल्याही आकड्याने सुटत नाही.

शिवाय गती, अडखळण्याच्या जागा, हसणं, खोकणं यांना या आकड्यांचा धक्काही लागत नाही. बोलीचं तसंच. वऱ्हाडातला माणूस ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, ‘करून राहिला’ म्हणतो. त्याचा सूर कितीही वर न्या, गाव त्याच्या बोलण्यात राहतंच. वजनकाट्यावर काम करणारे चौघेच असतील आणि त्यातला एकच जण वऱ्हाडचा असेल, तर पुढचं सांगायला नको.

म्हणूनच आवाज बदलायला घेण्याआधी एक विचारायला हवं: हा माणूस कुणापासून लपतो आहे? रस्त्यावरच्या अनोळखी प्रेक्षकापासून असेल, तर पट्टी आणि फॉर्मंट बदलणं पुरेसं आहे. मालक, मुकादम किंवा नवऱ्यापासून असेल, तर पुरेसं नाही. तिथे मजकूर उतरवून घ्यावा, ओळख देणारे शब्द साध्या प्रमाण मराठीत करावेत आणि तो दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा. ‘शब्द त्यांचे, आवाज दुसऱ्याचा’ हे प्रेक्षकांना स्पष्ट सांगावं. बोलणाऱ्याच्या आवाजातला कंप यात हरवतो, ही मोठी किंमत आहे, पण ती मोजावी. बलात्कारपीडित आणि लहान मुलांच्या बाबतीत तर मला दुसरा मार्गच दिसत नाही. पॉक्सो कायद्याचं कलम २३ मुलाची ओळख पटवू शकेल असा कुठलाही तपशील देऊ देत नाही. २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की बंदी नुसत्या नावापुरती नाही, ओळख उघड होईल असं काहीही छापता किंवा दाखवता येणार नाही. परत उलटवता येणारा आवाज त्यात बसत नाही, असं माझं मत आहे.

मूळ फाइल कुठे कुठे आहे, हेही विसरू नये. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं असेल तर त्याची प्रत आपोआप क्लाउडवर गेलेली असू शकते. एडिटरला व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर आणखी दोन फोनांत उरते. आवाज बदलण्याचे आकडे ज्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आहेत तिच्यात बहुतेक वेळा मूळ आवाजही जसाच्या तसा बसलेला असतो. पुढे फक्त अंतिम फाइल द्यायची. मूळ प्रत हवीच असेल तर ती पासवर्डने कुलूपबंद केलेल्या एकाच जागी ठेवायची.

आणि प्रसारणाआधी ती अंतिम फाइल खुद्द त्या माणसाला ऐकवायची. तांत्रिक तपासण्यांतून सुटलेलं त्याच्या कानाला टोचतं. तो सांगेल की ‘त्या रात्री लाइट गेली होती’ हे वाक्य काढा, कारण त्या पाळीला काट्यावर दोघेच होते. तेवढं वाक्य कापायचं आणि फाइल पुन्हा एकदा त्याला ऐकवायची.