गोळी चुकली, पण कोणती?

एका जावेकडे माला-एनचं पाकीट असतं, दुसरीकडे छायाचं. दोन्ही आशाताईंनीच दिलेली. मग एक दिवस छायावाली गोळी विसरते आणि माला-एनवाली मोठ्या विश्वासाने सांगते, "आज आठवली ना, आज घे, आणि विसरून जा." स्वतःच्या गोळीपुरतं तिचं बरोबर आहे. जावेच्या गोळीला मात्र हा सल्ला अर्धाच लागू पडतो, कारण या दोन गोळ्या शरीरात अगदी वेगळी कामं करतात.

आधी माला-एन. पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांतल्या 21 मध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं असतात, उरलेल्या 7 नुसत्या लोहाच्या. ही संप्रेरकं रोज मिळत राहिली की अंडाशय झोपून राहतं, बीज बाहेर पडत नाही. लोहाच्या आठवड्यात ते हळूहळू जागं होऊ लागतं, पण बीज पिकण्याआधीच नवं पाकीट सुरू होतं आणि ते पुन्हा झोपतं. सात दिवसांची ही सुट्टी चालते. ती लांबली की धोका सुरू होतो.

म्हणूनच पाकिटाच्या मधली एखादी गोळी राहिली तर फारसं बिघडत नाही. आठवल्याबरोबर ती घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन राहिल्या असतील तर दोन्ही भरून काढायच्या नाहीत. एकच लगेच घ्यायची आणि रोजचा क्रम चालू ठेवायचा. लोहाची गोळी राहिली तर ती फेकून द्यायची, बाकी काही करायचं नाही.

चूक महागात पडते ती पाकिटाच्या सुरुवातीला. समजा, लोहाच्या गोळ्या शनिवारी संपल्या. नवं पाकीट रविवारी रात्री सुरू करायचं होतं, पण घरात लग्न होतं; रविवार गेला, सोमवार गेला, आठवलं ते मंगळवारी रात्री. सुट्टी सातांची नऊ दिवसांची झाली. दोन गोळ्यांपर्यंत निरोधची गरज नाही असं काही मार्गदर्शिका म्हणतात, काही मात्र दुसऱ्या गोळीपासूनच सात दिवस निरोध वापरायला सांगतात. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, कारण अंडाशय पुन्हा नीट झोपायला सलग सात गोळ्या लागतात. आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावं. तीन किंवा अधिक गोळ्या राहिल्या तर सात दिवस निरोध सगळेच सांगतात. हे तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट उघडायचं, म्हणजे सुट्टीच पडत नाही.

छायात संप्रेरक नाहीच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं सेंटक्रोमन हे औषध तिच्यात असतं, 'सहेली' तीच. ती बीज थांबवत नाही. ती गर्भाशयावरचा इस्ट्रोजेनचा परिणाम अडवते, त्यामुळे फलित बीजाला रुजायला जागा तयार होत नाही. औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घेऊन साठा करायचा आणि पुढे आठवड्याला एकच गोळी.

आता त्या जावेचं बघू. तिची गोळी रविवारची, आठवली मंगळवारी. मंगळवारीच घ्यायची, पुढची ठरल्याप्रमाणे रविवारी. पण इथे सात दिवसांचा हिशेब चालत नाही. बीज दर महिन्याला येतच असतं, आणि साठा कमी झाला त्या दिवसांत ते कुठे होतं हे कळायला मार्ग नाही. म्हणून पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला असेल तर साठा उरला असं धरायचंच नाही. नव्याने सुरुवात, पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा.

तिसरी जात नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीची. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर ही देतात. जुन्या प्रकारात मुख्य काम गर्भाशयाच्या तोंडाशी असतं: तिथला स्राव घट्ट होतो आणि शुक्राणू अडतात. हा परिणाम जेमतेम दिवसभर पुरतो, म्हणून तीन तासांचा उशीरही चुकवणंच धरतात. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीने बीजही बऱ्याचदा थांबतं, तिला बारा तासांची सवलत आहे. मात्र स्राव लवकर पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे राहिलेली गोळी घेऊन दोन दिवस निरोध वापरला तरी चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

छायावालीची एक अडचण राहतेच. या गोळीने पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. म्हणजे 'पाळीपर्यंत निरोध' हे कधी पाच-सहा आठवडेही होऊ शकतं. तारीख उलटून पंधरा दिवस गेले तर गोळीनेच लांबली असेल असं म्हणत बसू नये, लघवीची चाचणी करून घ्यावी. आशाताईंकडे तिची पट्टीही मिळते.