दोन अनंतांमधले अंतर

एकमध्ये १/२ मिळवा, मग १/३, मग १/४, आणि असेच पुढे जात राहा. ही हरात्मक श्रेणी. तिची बेरीज इतकी रेंगाळत वाढते की दहा पदांनंतर ती २.९२९ भरते, शंभर पदांनंतर ५.१८७ आणि हजार पदांनंतर जेमतेम ७.४८५. तरीही ती कुठेच थांबत नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने हे दोन ओळींत दाखवले: १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त होतात, पुढची चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळून पुन्हा तेच. अर्धा-अर्धा कितीही वेळा मिळवता येतो, म्हणून बेरजेला वरची मर्यादा नाही.

पण वरचे तीन आकडे जरा निरखून पाहा. पदे दहापट झाली की बेरीज दर वेळी सुमारे २.३ ने वाढते. दहापट झाल्यावर ठरावीक वाढ, हा लॉगरिथमचा स्वभाव. आणि १० चा नैसर्गिक लॉगरिथम २.३०२६ आहे. मग साहजिकच वाटते की पहिल्या n पदांच्या बेरजेतून ln n वजा करून पाहावे. दहा पदांना बाकी उरते ०.६२६४, शंभरांना ०.५८२२, हजारांना ०.५७७७, दहा लाखांना ०.५७७२. बेरीजही अनंताकडे चालली आहे आणि लॉगरिथमही, पण त्यांच्यातले अंतर मात्र एका जागी स्थिरावताना दिसते.

‘दिसते’ म्हणजे सिद्ध झाले असे नाही, आणि या श्रेणीच्या बाबतीत तर नाहीच. संगणकावर साध्या अचूकतेच्या दशांश संख्या वापरून हरात्मक श्रेणीची बेरीज करत गेलात, तर सुमारे एकवीस लाख पदांनंतर ती १५.४ च्या आसपास ठप्प होते. पुढचे पद इतके लहान असते की साठवलेल्या संख्येत ते उमटतच नाही. श्रेणी अपसारी असूनही पडद्यावरचा आकडा मात्र स्थिर! वाढ किंवा घट शून्याकडे जाते एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे ही श्रेणी स्वतःच सांगते. आपली बाकीही अशीच कणाकणाने घसरत शून्याच्या खाली, कुठल्या कुठे जाणार नाही कशावरून?

इथे ln n चा भूमितीतला अर्थ उपयोगी पडतो. y = १/x हा वक्र काढा. x = १ पासून x = n पर्यंत या वक्राखाली जे क्षेत्रफळ येते, तेच ln n. हे संकलन. बेरजेतले १/२, १/३ हेही क्षेत्रफळच मानता येते: रुंदी १ आणि उंची १/२ असा आयत, रुंदी १ आणि उंची १/३ असा आयत. आता प्रश्न एवढाच, की हे आयत कुठे ठेवायचे. सगळी सिद्धता याच निवडीत आहे.

आधी बाकी घटते हे पाहू. n वरून n+१ वर गेलो की बेरजेत १/(n+१) ची भर पडते. लॉगरिथममध्ये भर पडते ती n आणि n+१ यांच्यामधल्या पट्टीची. या पट्टीत वक्र १/n उंचीवरून उतरत १/(n+१) पर्यंत येतो; त्याच्या खाली तो कुठेही जात नाही. म्हणजे १/(n+१) उंचीचा आयत त्या पट्टीत वक्राखाली पुरता मावतो, आणि वर थोडी जागा उरते. लॉगरिथमची भर बेरजेच्या भरीपेक्षा नेहमीच जास्त, म्हणून बाकी प्रत्येक पायरीला कमी होते. सुरुवातीला बाकी १ असते. मग बेरजेत ०.५ येतात आणि लॉगरिथममध्ये ०.६९३, तेव्हा बाकी ०.८०७ होते, पुढच्या पायरीला ०.३३३ आणि ०.४०५, बाकी ०.७३५.

घसरण तर ठरली. आता तिला तळ आहे का? यासाठी तेच आयत एक घर उजवीकडे सरकवायचे. १ उंचीचा आयत १ ते २ वर, १/२ उंचीचा २ ते ३ वर, असे करत शेवटचा १/n उंचीचा n ते n+१ वर. आता प्रत्येक आयताची उंची ही त्याच्या डाव्या कडेवरची वक्राची उंची आहे, आणि वक्र तिथून उतरतच जातो. म्हणून आयत वक्राला पूर्ण झाकतात. n आयतांची बेरीज १ ते n+१ पर्यंतच्या क्षेत्रफळाहून जास्त, म्हणजे ln(n+१) हून जास्त, म्हणजेच ln n हूनही जास्त. बाकी कधीच शून्याला टेकत नाही.

सतत घटणारी, पण एका पातळीखाली न जाणारी क्रमिका वास्तव संख्यांमध्ये कुठे तरी स्थिरावतेच. हा वास्तव संख्यांचा मूलभूत गुणधर्म आहे; नुसत्या अपूर्णांकांच्या जगात तो खरा ठरत नाही. या दोन अटींपैकी एक जरी वगळली तरी सिद्धता कोसळते. विद्यार्थी ‘बाकी धन आहे’ एवढे दाखवून थांबतात, किंवा ‘घटते आहे’ एवढ्यावर. −Ln n हीसुद्धा घटतेच, आणि तिला तळ नाही.

दुसऱ्या आकृतीत आणखी एक गंमत दडली आहे, आणि मला ती मूळ सिद्धतेहून जास्त आवडते. वक्राच्या वर आयतांचे जे त्रिकोणासारखे तुकडे उरतात, ते सगळे डावीकडे सरकवून पहिल्याच आयतात आणा. k क्रमांकाचा तुकडा १/k आणि १/(k+१) या उंचींच्या दरम्यान असतो, म्हणून सरकवल्यावर तुकडे एकावर एक बसतात, एकमेकांवर चढत नाहीत. सगळे मिळून १ × १ च्या चौरसात मावतात. शिवाय वक्र आत वाकलेला असल्याने प्रत्येक तुकडा आपल्या पट्टीच्या निम्म्याहून जास्त जागा घेतो. म्हणून सीमा १/२ आणि १ यांच्यामध्येच असणार. एकही लॉगरिथम न काढता.

निम्म्याची ही जाणीव हिशोबालाही कामी येते. n पदांनंतर उरलेले तुकडे मिळून साधारण १/(२n) एवढे असतात. दहा पदांच्या ०.६२६४ मधून ०.०५ वजा केले की ०.५७६४ मिळते, खऱ्या किमतीहून फरक एका हजारांशाच्याही आत. उलट दिशेने, बेरीज १० च्या वर जायला किती पदे लागतील हेही कळते. १० मधून ०.५७७२ वजा करून घातांकी फल काढले की १२,३६७ च्या किंचित खाली येतो, आणि प्रत्यक्षातही बेरीज १२,३६७ व्या पदालाच १० ओलांडते.

ही सीमा पहिल्यांदा लिओनार्ड ऑयलरने १७३४ मध्ये मांडली आणि काही दशांश स्थळांपर्यंत काढली. १७९० मध्ये इटलीतल्या लोरेन्झो मास्केरोनीने ती ३२ स्थळांपर्यंत छापली, पण त्यातली पहिली १९ च बरोबर होती. १८०९ मध्ये योहान सोल्डनरचे उत्तर विसाव्या स्थळापासून वेगळे आले, तेव्हा घोळ उघड झाला. १८१२ मध्ये निकोलाईने गाउसच्या सांगण्यावरून ४० स्थळे काढून सोल्डनरच्या बाजूने निकाल दिला. तरी नाव ऑयलर-मास्केरोनी स्थिरांक असेच राहिले, चिन्ह γ, किंमत ०.५७७२१५६६४९ आणि पुढे.

तुकड्यांची ही एकूण जागा अपूर्णांकात लिहिता येते का, याचे उत्तर अजून कुणाकडे नाही. एवढे मात्र हिशोबाने सिद्ध झाले आहे की तसा अपूर्णांक असलाच, तर त्याचा छेद दोन लाखांहून जास्त अंकी असेल.