कॅटलॉगमध्ये पुन्हा पुन्हा येणारा शब्द

फ्रान्समधल्या हार्डवेअरच्या मालाचा कॅटलॉग इंग्रजीत आणायचं काम माझ्याकडे बहुतेक वेळा एक्सेल फाइलच्या रूपात येतं. एका ओळीत एक वस्तू: संदर्भ क्रमांक, प्रकार, साहित्य, रंग, माप. ओळी हजारोंनी असतात आणि मजकूर बराचसा तोच तो. ट्रान्सलेशन मेमरीचं टूल मजकुराचे तुकडे, म्हणजे सेगमेंट पाडतं आणि एकदा केलेलं भाषांतर मूळ मजकुरासोबत जपून ठेवतं. तोच मजकूर पुढे आला की ते आपोआप भरलं जातं. पहिल्यांदा आलेला सेगमेंट नवा, पुढचे सगळे रिपिटिशन. रिपिटिशनला एजन्सी नाममात्र पैसे देते, कधी देतच नाही.

टूल अक्षरं जुळवतं, वस्तू ओळखत नाही. फ्रेंचमध्ये विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. त्यामुळे `Galvanisé` आणि `Galvanisée` हे टूलच्या लेखी दोन वेगळे सेगमेंट. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच ‘गॅल्वनाइज्ड’. इथे थोडं टायपिंग वाढतं, नुकसान काही नाही. नुकसान होतं ते उलट बाजूला, जिथे फ्रेंच एक आणि इंग्रजी अनेक.

`Embout` हा शब्द घ्या. म्हणजे टोकाला बसणारा भाग. स्क्रूड्रायव्हरच्या पानावर तो ‘बिट’ असतो, बागेच्या पाइपच्या पानावर ‘नोझल’, आणि खुर्चीच्या पायाला बसवायचं रबरी टोपण असेल तर ‘कॅप’. प्रकाराच्या कॉलममध्ये नुसतं `Embout` एवढंच लिहिलेलं असतं. पहिल्या जागी ‘बिट’ लिहिलं की टूल खुर्चीच्या टोपणालाही ‘बिट’ करून टाकतं. स्पेलचेक काही म्हणत नाही, कारण शब्द बरोबरच आहे.

मी ओमेगाटी हे मोफत टूल वापरते. अशा जागांसाठी त्यात `Create Alternative Translation` ही सोय आहे. नेहमीचं भाषांतर बाकी सगळीकडे राहतं आणि या एका जागेपुरतं वेगळं देता येतं. पण मूळ एक्सेल फाइल तशीच उघडली तर ही सोय कामाला येत नाही, आणि याचं कारण एक्सेलच्या आत आहे. एक्सेलनं जतन केलेल्या `.xlsx` फाइलमध्ये प्रत्येक वेगळा मजकूर `sharedStrings.xml` नावाच्या यादीत एकदाच साठवलेला असतो आणि खान्यांमध्ये फक्त त्या यादीतला क्रमांक असतो. ओमेगाटी ती यादी वाचतं. त्यामुळे `Embout` तीन पानांवर असला तरी समोर एकदाच येतो, आणि शेजारचा सेगमेंट त्याच ओळीतला असेलच असंही नाही. तीन वस्तूंना तीन नावं द्यायला जागाच उरत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे: एजन्सीच्या अहवालात रिपिटिशन भरपूर आणि आपल्या टूलच्या आकडेवारीत जवळपास नाहीतच.

म्हणून मी फाइल आधी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडून `.ods` म्हणून जतन करते. त्या स्वरूपात प्रत्येक खान्याचा मजकूर आपापल्या जागी, ओळीच्या क्रमानं असतो. आता `Embout` जितक्या वेळा आहे तितक्या वेळा दिसतो, आणि अलीकडे संदर्भ क्रमांक, पलीकडे साहित्य. पलीकडे रबर असेल तर तो स्क्रूड्रायव्हरचा बिट नव्हे, हे तिथल्या तिथे कळतं. काम झालं की फाइल पुन्हा `.xlsx` करायची आणि पाठवण्याआधी संदर्भ क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यं शाबूत आहेत ना, तेवढं पाहायचं.

तरी एक मेख राहतेच. अशी वेगळी दिलेली भाषांतरं `project_save.tmx` मध्ये फाइलचं नाव आणि अलीकडचा-पलीकडचा सेगमेंट यांच्या आधारानं टिकतात. पुढच्या वर्षी ग्राहकानं मधे पॅकिंगचा नवा कॉलम घातला, किंवा फाइलच्या नावातलं साल बदललं, की तो आधार सुटतो आणि टोपण कुठलीही सूचना न देता पुन्हा ‘बिट’ होऊन बसतं. म्हणून मी फाइलचं नाव दर वर्षी तेच ठेवते आणि मजकूर नवा असो वा जुना, एक-दोन शब्दांचे सगळे सेगमेंट शोधून एकेक जागा पुन्हा वाचते. लांब वाक्यांच्या शंभर टक्के मॅचवर मी भरवसा ठेवते. दहा-बारा शब्दांच्या सुरक्षासूचनेचा अर्थ सहसा पानागणिक बदलत नाही.

म्हणजे ज्या सेगमेंटना एजन्सी सर्वांत कमी पैसे देते, त्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागतो. हा हिशेब चुकीचा आहे. कॅटलॉगचं काम घेण्याआधी वस्तूच्या गटाचा कॉलम आणि फोटो मागून घ्या, आणि एक-दोन शब्दांची रिपिटिशन तपासायचे पैसे वेगळे ठरवा.