फोटोतली पाटी मराठीत करताना

नंदुरबारच्या बाजारात समजा एका मिरची व्यापाऱ्याची पाटी आहे. वर ठळक इंग्रजी, खाली बारीक मराठी. 2022च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात इतर भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी ठेवता येत नाहीत. नवी पाटी कशी दिसेल, हे रंगवण्याआधी मालकाला दाखवायचं, तर दुकानाच्या फोटोतच अक्षरं बदलावी लागतात.

आधी पाटी कोरी

जुनी अक्षरं क्लोन स्टॅम्पने पुसताना रंग शेजारचाच उचलावा. पाटीवर ऊन एका बाजूला जास्त असतं. सरसकट एकच रंग भरला की ठिगळ उठून दिसतं.

अक्षराचं वळण

फोटोवरून फाँट ओळखणारी साधनं मुख्यतः रोमन लिपीसाठी बनलेली असतात, देवनागरीत ती फारशी कामाची नाहीत. शिरोरेषेची जाडी, ‘र’ची शेपटी आणि काना बघून आपणच जवळचा फाँट निवडावा. जाड, गोलसर अक्षरांना ‘बलू’, साध्या सरळ अक्षरांना ‘मुक्त’ चालून जातो. पेंटरने हाताने रंगवलेल्या पाटीला मात्र फाँट नसतोच. तिथे पाटीवरचीच मराठी अक्षरं कापून मोठी करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. फोटोशॉपमध्ये ‘मिरची’तली पहिली वेलांटी ‘म’च्या नंतर सरकली, तर टाइपच्या सेटिंगमध्ये World-Ready Layout निवडावं.

तिरकेपणाचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फोटो बाजूने काढलेला असला की पाटीचं जवळचं टोक उंच आणि लांबचं बुटकं दिसतं. बरेच जण Skew वापरून ओळ नुसती कलती करतात. त्यामुळे लांबची अक्षरं अरुंद होत नाहीत आणि मजकूर पाटीवर तरंगल्यासारखा वाटतो.

समजा फोटोत पाटीची रुंदी 700 पिक्सेल, जवळची कड 400 उंच आणि लांबची 300. पाटीचा खरा मध्य 350वर नसतो. दोन्ही कर्ण जिथे छेदतात तिथे, म्हणजे जवळच्या कडेपासून 400 पिक्सेलवर तो येतो. Skew केलं तर मधलं अक्षर 50 पिक्सेल चुकतं.

म्हणून खऱ्या पाटीच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणात सपाट चौकट काढून त्यात मजकूर बसवावा. चौकट आणि मजकूर मिळून Smart Object करावा आणि Distortने त्याचे चार कोपरे पाटीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवावेत. मग चौकटीचा रंग काढून टाकावा. देवनागरीत तपासणी सोपी असते. शिरोरेषा आणि पाटीच्या वरच्या-खालच्या कडा पुढे वाढवल्या, की त्या एकाच बिंदूत भेटायला हव्यात.

रंग आणि धूसरपणा

निव्वळ काळा रंग फोटोत क्वचितच असतो. पाटीवरच्या सावलीतून गडद छटा उचलावी. मग किंचित Blur आणि फोटोइतकेच कण. फोटो दुप्पट मोठा करून पाहिला, की नवी अक्षरं बाकी फोटोपेक्षा धारदार राहिली आहेत का ते लगेच कळतं.

शर्टावर

पाटीऐवजी शर्टावरची अक्षरं बदलायची, तर कापडाला चुण्या असतात, त्यामुळे चार कोपरे पुरत नाहीत. शर्टाची कृष्णधवल प्रत थोडी धूसर करून ती Displace फिल्टरला द्यावी. अक्षरं चुण्यांबरोबर वळतात. वरून Multiply लावलं की सावल्याही अक्षरांतून दिसतात. गडद शर्टावरच्या पांढऱ्या अक्षरांना मात्र Multiply चालत नाही, तिथे सावल्या वेगळ्या थरावर रंगवाव्या लागतात.