जिनिंग मालकाला भेटण्याआधीचा एक कागद

किनवट तालुक्यातल्या जिनिंगवाल्याला प्रेसचे सुटे भाग विकायचे आहेत, असं समजा. पहिल्या भेटीआधी विक्रीवाल्यांनी एका पानाचा तक्ता भरावा. त्यातला सर्वांत कामाचा रकाना जीएसटी क्रमांकाचा. तो बिलावर किंवा दुकानाच्या पाटीवर मिळतो. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅनची. एकूण क्रमांकातलं सहावं अक्षर नीट पाहा: पी असेल तर एकट्या मालकाचा धंदा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. भागीदारीत दुसऱ्या भागीदाराला विचारल्याशिवाय खरेदी सहसा ठरत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीत मोठा खर्च संचालक मंडळापुढे जातो. म्हणून ‘निर्णय कोणाचा’ हा रकाना या अक्षरावरून सुरू करावा आणि गावात विचारून पक्का करावा. जीएसटीच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, तेही कळतं. रद्द दिसली तर उधारीचं बोलणं आधी थांबवा.

दुसरा रकाना हंगामाचा. दिवाळीच्या आसपास कापूस येऊ लागला की मालकाला बसायला वेळ नसतो. दुरुस्त्या पावसाळ्यात निघतात. भेट तेव्हाच मागावी. ‘उलाढाल’ मात्र ऐकीव आकड्याने भरू नये, कोरी सोडावी.