हाक कशी मारायची, ते आधीच कळवा

ज्ञानेश्वरी वसंत क्षीरसागर. समजा, असं नाव असलेली मुलगी पुण्याहून लंडनच्या कचेरीत रुजू होते आहे. आपल्याला या नावात अडखळण्यासारखं काहीच दिसत नाही. पण लंडनच्या टीमला पडद्यावर दिसतं ते Dnyaneshwari Vasant Kshirsagar, आणि पहिल्या तीन अक्षरांवरच गाडी थांबते. कारण इंग्रजीत कुठलाच शब्द 'द्न' असा सुरू होत नाही. मग कुणी मध्ये स्वर घालून 'डिन्यानेश्वारी' म्हणतं, कुणी नावच टाळून नुसतं 'हाय' म्हणतं. आपल्याच देशातले सहकारीही सारखं बोलत नाहीत. हिंदीभाषक 'ग्यानेश्वरी' म्हणणार आणि गुजराती माणूस ग्न लावणार. ज्ञ एकच असला तरी प्रत्येक भाषेनं तो आपापल्या परीनं सोडवला आहे.

म्हणून रुजू होताना ओळखीची जी ईमेल जाते, तिच्यात नावासाठी चार ओळी राखून ठेवाव्यात. उच्चार सांगताना ध्वनिशास्त्राची चिन्हं वापरू नयेत, ती फार थोड्यांना वाचता येतात. समोरच्याच्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दांचा आधार घ्यावा. इथे `nyaa-NAYSH-wuh-ree` असं लिहिता येईल. सुरुवातीचा d मुद्दामच गाळला आहे. मराठी कानाला तो हवा असतो हे खरं, पण परक्या जिभेला 'द्न्या' साधण्याचा हट्ट धरला की पुन्हा 'डिन्या' ऐकावं लागतं. त्यापेक्षा 'न्या' बरा. मात्र नुसतं ny लिहिलं तर इंग्रज त्याचा 'नाय' करण्याची शक्यता असते. त्यामुळे शेजारी canyon या शब्दातला ny असं सांगून टाकावं. शेवटून दुसरं अक्षर wuh असं लिहिण्याचं कारण रोमन a. आपण अ आणि आ दोन्हींसाठी तेच अक्षर वापरतो, म्हणून wa दिसलं की वाचणारा सरळ 'वा' करतो. जोर 'नेश्'वर आहे हे मोठ्या अक्षरांतून कळतं.

हे जमलं की नाही, ते तपासायला एक सोपा उपाय आहे. ज्यानं हे नाव कधीच ऐकलेलं नाही अशा माणसाला आपण लिहिलेलं मोठ्यानं वाचायला सांगायचं आणि मध्ये अजिबात बोलायचं नाही. तो जिथे चुकेल, तिथली अक्षरं बदलायची. ईमेलला आपल्या आवाजातली छोटी ध्वनिफीत जोडली तर आणखी चांगलं. लिंक्डइनवर २०२० पासून नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत नोंदवून ठेवण्याची सोय आहे, तिचाही उपयोग होतो.

आता लघुनाव. घरी ज्ञानू म्हणत असतील, पण त्यात अडचणीचा ज्ञ तसाच राहतो. ज्ञानेश म्हटलं तर तो मुलगा झाला. आणि D हे एकटं अक्षर म्हणजे नाव नव्हे, ते कपाटावरच्या चिठ्ठीला शोभतं. अशा वेळी नाव पुढून न तोडता मागून तोडावं. ज्ञान अधिक ईश्वरी असा हा संधी आहे, तेव्हा `Ishwari` हे नावाच्या पोटातलंच, कुठल्याही जिभेला जमणारं नाव हाताशी आहे.

आपल्याकडची भिडस्त माणसं इथेच चुकतात. 'तुम्हाला जे सोपं वाटेल ते म्हणा, काहीही चालेल,' असं लिहून मोकळी होतात. मग महिन्याभरात चार सहकाऱ्यांची चार नावं होतात, आणि मीटिंगमध्ये कोण कुणाबद्दल बोलतंय ते नव्या माणसाला समजत नाही. एकच पर्याय द्यावा आणि नको असलेलंही सांगून टाकावं. मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

'माझं नाव Dnyaneshwari. उच्चार nyaa-NAYSH-wuh-ree, ny हा canyon मधल्यासारखा. पूर्ण नाव घेतलंत तर आनंदच आहे, नाहीतर Ishwari म्हणा. D किंवा Dany नको. Vasant हे माझ्या वडिलांचं नाव आहे, त्या नावानं मला हाक मारू नका.'

शेवटचं वाक्य विनोदी वाटेल, पण ते लागतं. आपल्या पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि स्वतःचं व वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात एकापाठोपाठ येतं. परदेशातली पगाराची यंत्रणा ते दोन्ही मिळून 'पहिलं नाव' समजते, आणि कधी कधी त्यातला सोपा दिसणारा Vasant उचलला जातो.

ईमेल गेल्यावर सहीच्या ओळीत, चॅटवर आणि व्हिडिओ कॉलच्या चौकटीत तेच लघुनाव ठेवावं. तीन ठिकाणी तीन नावं दिसली तर ईमेल वाया गेली. कुणी चुकलं तर पहिल्याच आठवड्यात, बोलता बोलता दुरुस्त करावं. सहा महिन्यांनी सांगितलं की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

मनुष्यबळ विभागाला मात्र वेगळी ईमेल पाठवावी: हाक मारायला Ishwari, पण करारावर, पगारपत्रकावर आणि विमानाच्या तिकिटावर पासपोर्टातलंच पूर्ण नाव. तिकिटावर लघुनाव पडलं, तर विमानतळावर ते पासपोर्टाशी जुळत नाही आणि माणूस तिथेच अडकतो.